काळ्या केसांसाठी आकाशी रंग

"अगं, बाकी सगळं छान आहे, पण माझं डोकं बघ. नुसतं पेटलंय."

नवरीची आई फोनवर होती. मी लग्नाच्या अल्बमांचं काम करते. फोटोग्राफर फोटो काढून पाठवतात, मी ते निवडते, साफ करते, शीट लावते. एरवी घरच्या मंडळींशी माझा संबंध येत नाही, पण या काकूंनी फोटोग्राफरदादांकडून माझा नंबर मिळवला होता. झालं होतं असं, की मेंदीच्या दिवशी आणि त्याच संध्याकाळी संगीतला काकूंच्या केसांवर महिनाभरापूर्वी लावलेली मेंदी होती. लग्नाच्या दिवशी पहाटे पार्लरवालीने केस काळे करून दिले. आता अल्बममध्ये आठव्या शीटपर्यंत काकू नारिंगी आणि नवव्या शीटपासून काळ्याभोर. "माणसं विचारतील ना, ही कोण म्हणून," काकू म्हणाल्या. "सगळीकडे काळे कर."

मेंदीच्या दुपारचे फोटो अर्ध्या तासात झाले. पडवीतला सरळ उजेड, त्यात काही अवघड नव्हतं. अडलं ते संगीतवर. हॉलमध्ये स्टेजच्या उजवीकडे एलईडी पार म्हणजे रंग बदलणाऱ्या दिव्यांची रांग गुलाबीजांभळ्यावर लावलेली, डावीकडची निळ्यावर, आणि वरून शार्पीचे झोत फिरतायत. काकू मधोमध नाचतायत. त्यामुळे डोक्याची एक बाजू रानी रंगात, दुसरी निळ्यात, आणि मधे अंबाड्याला मोगऱ्याचा गजरा. गुलाबी बाजूला ते मेंदीचे केस खरोखरच निखाऱ्यासारखे दिसत होते.

पहिल्यांदा मी जे केलं ते सगळेच करतात. फोटोशॉपमध्ये केस निवडले, वर नवा लेयर घेतला, मोड `Color`, आणि काळ्या रंगाने ब्रश फिरवला. दोन मिनिटांत नारिंगी गेला. दादांना मोबाइलवर पाठवलं, त्यांचा अंगठा आला. पण मोठ्या स्क्रीनवर मला ते बघवेना. गाल रानी, साडी रानी, मागचा पडदा रानी, आणि मधे सिमेंटच्या रंगाचे केस. कुणीतरी काकूंच्या डोक्यावर राखाडी टोपी चढवली होती आणि त्या टोपीवर हॉलमधला उजेड पडतच नव्हता.

हे का होतं ते आकड्यांत बघितलं की चटकन कळतं. गुलाबी बाजूला मेंदीच्या केसांचा आकडा, शून्य ते २५५ च्या मापात, साधारण लाल १२०, हिरवा १८, निळा २७ असा होता. `Color` मोड खालचा उजेड-अंधार ठेवतो आणि रंग वरच्या लेयरचा घेतो. काळ्याला रंगच नाही, म्हणून उरला नुसता करडा, तिन्हींत पन्नासच्या आसपास. आता तो हिरव्याचा ५० बघा. त्या बाजूच्या दिव्यांत हिरवा जवळपास नव्हताच. शेजारचा पांढराशुभ्र गजरासुद्धा हिरव्यात ७० च्या वर जात नव्हता. म्हणजे मी असे काळे केस बनवले होते, जे हिरव्या उजेडात मोगऱ्याच्या जवळपास निम्मे उजळ दिसत होते. डोळ्याला आकडे कळत नसतील, पण खोटं बरोबर कळतं.

तेव्हापासून माझी पहिली तपासणी हीच असते. `Channels` मध्ये जाऊन लाल, हिरवा, निळा असा एकेक चॅनल करडा करून बघायचा. ज्या चॅनलमध्ये आजूबाजूचं सगळं काळोखात आहे, तिथे रंगवलेले केस तरंगताना दिसले, की समजायचं आपण दिवा पुसला.

खरी गोष्ट सोपी आहे. आपल्याला दिसतो तो रंग म्हणजे दिव्याचा रंग गुणिले केसांचा रंग. दिव्याने जेवढा लाल पाठवला त्यातला केसाने किती परत केला, जेवढा निळा पाठवला त्यातला किती. पार्लरमध्ये बदलतो तो दुसरा भाग, दिवा तसाच राहतो. मग फोटोतही तेवढंच करायचं, म्हणजे नवा रंग वर थापायचा नाही, जुन्या आणि नव्या केसांचं प्रमाण काढून त्याने गुणायचं.

```
नवा = जुना × (हवे ते केस ÷ आहेत ते केस)
```

यातली मौज अशी की दिव्याचा रंग यात कुठेच लागत नाही. तो "जुना" या आकड्यात आधीच मिसळलेला आहे आणि गुणाकारात आपोआप पुढे येतो. लागतात फक्त दोन साधे, बिनरंगी उजेडातले आकडे, आणि ते माझ्याकडे आयते होते. मेंदीच्या दुपारी पडवीत बसलेल्या काकू आणि लग्नाच्या सकाळी मांडवाबाहेर सावलीत उभ्या असलेल्या काकू. दोन्ही फोटोंचं व्हाइट बॅलन्स एकसारखं करून, चेहऱ्याचा उजेड जुळवून घेतला. मग आयड्रॉपर `5 by 5 Average` वर ठेवून, चमक नसलेल्या जागेवरून, केस उचलले. दुपारचे मेंदीचे केस १२०, ६२, ३४. सकाळचे काळे ४५, ३८, ३६. काळे म्हणजे शून्य नव्हे हेही इथेच दिसतं. माणसाचे काळे केस सावलीतही थोडे तपकिरीच असतात.

```
R   45 ÷ 120 = 0.375   →  96
G   38 ÷  62 = 0.61    → 156
B   36 ÷  34 = 1.06    → 255
```

उजवीकडचे आकडे म्हणजे तेच प्रमाण २५५ ने गुणून. निळ्याचं एकाच्या थोडं वर जातंय, ते मी सोडून दिलं. मग या आकड्यांचा एक सपाट लेयर भरला आणि मोड `Multiply` ठेवला. ९६, १५६, २५५ हा रंग कुठला माहीत आहे? स्वच्छ आकाशी. काकूंचे केस काळे करायला मी त्यावर आकाशी रंग ओतत होते. मागून बघणारा माझा भाचा म्हणाला, "आत्या, चुकलं तुझं काहीतरी." पण विचार केला तर बरोबर आहे. मेंदीने केसांना जो जास्तीचा लाल दिला तो काढून घ्यायचा, हिरवा थोडा कमी करायचा, निळ्याला हात लावायचा नाही.

जाणकार विचारतील, स्क्रीनवरचे आकडे तर प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यांना गॅमाचा बाक असतो, मग असा गुणाकार चालतो का? चालतो, कारण तो बाक घातांकाचा आहे, आणि घातांक गुणाकाराला मोडत नाही. अट एवढीच की प्रमाणही त्याच बाकदार आकड्यांतून काढलेलं हवं. अगदी गडद भागात हिशेब थोडा हलतो, तो डोळ्याला दिसत नाही. फाइल मात्र १६ बिटमध्ये ठेवावी, नाहीतर गडद केसांत पट्टे पडतात.

लेयर लावला आणि गुलाबी बाजूचे १२०, १८, २७ हे ४५, ११, २७ झाले. हा रंग करडा नाही. गडद, जांभळाच्या सालीसारखा. रानी उजेडात काळे केस असेच दिसतात, हे कुठल्याही संगीतच्या फोटोत शेजारच्या काळ्या केसांच्या मुलीकडे बघून पडताळता येतं. मी पडताळलं, काकूंच्या मागे नाचणाऱ्या भाचीच्या वेणीशी. जुळलं.

आणि निळ्या बाजूला? तिथे मेंदीचे केस मुळात २०, १६, ३५ असे होते. नंतर झाले ८, १०, ३५. पुन्हा पुन्हा लेयर चालू-बंद करून बघितलं तरी फरक जेमतेम. निळ्या दिव्यात लाल नसतोच, मग मेंदीचा लाल परत येणार कुठून? निळ्या बाजूला काकूंचे केस संगीतच्या रात्रीच काळे होते, मी काही करण्याआधी. `Color` मोडमध्ये मी दोन्ही बाजू सारख्याच रंगवत बसले होते, आणि तिथेच निम्मं काम बिघडवलं होतं. गुणाकार स्वतःच ठरवतो कुठे जोर लावायचा. फ्रेमच्या वरच्या भागात एलईडीच्या लपलपण्यामुळे आडवे पट्टे आले होते, तेसुद्धा केसांवरून जसेच्या तसे पुढे गेले. वाईट पट्टे आहेत, मान्य, पण भिंतीवर असतील तर केसांवरही असायला हवेत.

इथवर सोपं होतं. अवघड होती चमक.

आकाशी लेयरखाली अंबाड्यावरची चमकसुद्धा गेली. आधी ती गुलाबी होती, आता मळकट निळी. असं प्रत्यक्षात होत नाही. केसांवर चमक दोन प्रकारची असते. एक केसाच्या वरच्या खवल्यांवरूनच परत फिरते, आत जात नाही, म्हणून तिचा रंग निव्वळ दिव्याचा. केस सोनेरी असोत की काळे, तिला फरक पडत नाही. दुसरी केसाच्या आत शिरते, मागच्या भिंतीवर आपटून बाहेर येते, आणि येताना केसांचा रंग घेऊन येते. खवले थोडे तिरके असल्यामुळे या दोन चमका एकाच जागी पडत नाहीत, किंचित वरखाली दिसतात. संगणकावर केस काढणाऱ्यांनी हे फार बारकाईने मोजलंय, २००३ साली सिग्राफ या संगणक-चित्रांच्या परिषदेत मार्श्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेलं मोजमाप अजून वापरात आहे. मला त्यातला एवढाच भाग पुरतो, की पहिल्या चमकेला रंगाचा हात लागता कामा नये.

पण ती वेगळी काढायची कशी? उजळ ते चमक असं म्हणावं तर रानी उजेडात मेंदीचे साधे केसही लालमध्ये उजळच. इथे निळा चॅनल कामाला आला. मेंदी निळा खाऊन टाकते. त्यामुळे गुलाबी दिव्यातल्या निळ्या भागाला मेंदीचे केस फक्त काळोख दाखवतात, आणि निळ्या चॅनलमध्ये जे काही लखलखतं ते वरवरची चमक, गजरा, आणि तिसरी एक गोष्ट, जी मला तोवर नीट दिसलीच नव्हती. पांढरी मुळं. मेंदी महिनाभर जुनी होती आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर पांढरे केस वर आले होते. रानी उजेडात ते सरळ गुलाबी दिसत होते, गजऱ्यासारखे, म्हणून लालभडक केसांत मिसळून गेले होते. निळ्या चॅनलमध्ये भांग उघडा पडला.

मग मास्क बनवला तो वजाबाकीने. `Image > Calculations` मध्ये लाल चॅनलमधून निळा वजा केला. क्रम उलटा झाला तर गुलाबी बाजू पूर्ण काळी येते, लगेच कळतं. मेंदीच्या केसांवर लाल १२० आणि निळा २७, म्हणजे उरले ९३. चमकेवर लाल आणि निळा दोन्ही भरपूर, उरले ४६ च्या आसपास. पांढऱ्या मुळांवर १५० वजा ११२, म्हणजे ३८. मेंदी न चढलेल्या मागच्या काळ्या केसांवर जेमतेम १६. मेंदी पांढऱ्या केसावर नारिंगी होते, काळ्यावर दिसत नाही, म्हणून काकूंचं डोकं खरं तर तीन प्रकारच्या केसांचं होतं. वजाबाकीच्या चित्रावर लेव्हल्स ओढून ४६ ला काळं आणि ९३ ला पांढरं केलं, तेव्हा फक्त मेंदीची बट न् बट शिल्लक राहिली. गालांचा आणि साडीचा जो भाग त्यात आला तो ब्रशने पुसला. हा मास्क आकाशी लेयरला लावल्यावर चमक परत गुलाबी झाली, काळ्या बटा आणखी काळ्या व्हायच्या थांबल्या. सपाट टोपी गेली आणि केसांत खोली आली.

मुळांना वेगळा लेयर. त्यांचं प्रमाण वेगळं, कारण सुरुवातच पांढऱ्यातून. दुपारच्या फोटोत मुळं १५०, १४५, १३८ होती. ४५, ३८, ३६ ला त्याने भागून २५५ ने गुणलं की येतो ७७, ६७, ६७, म्हणजे जवळजवळ साधा राखाडी. आकाशीची गरज नाही, पांढऱ्यात काढून टाकायला जास्तीचा लालच नाही. हा लेयर मी हाताने, बारीक ब्रशने भरला, भांगाची रेघ तेवढी सोडून. भांगातली कातडी काळी झाली तर माणूस बाहुलीसारखा दिसतो, ही चूक मी पूर्वी एका नवरदेवाच्या बाबतीत करून बसले आहे.

सगळ्यात वेळ गेला तो कडांना. नाचताना सुटलेल्या बटा मागच्या रानी पडद्यासमोर होत्या. आकाशी लेयर केसाभोवती दोन पिक्सेलही सांडला तर तिथे पडदा जांभळा होतो आणि डोक्याभोवती निळं वलय दिसतं. तिथे मास्क मुद्दाम आत खेचला आणि सुटलेल्या बटा एकेक करून रंगवल्या. काही बटा सोडूनही दिल्या. मागून थेट दिवा येतो तेव्हा केसाची कड दिव्याच्या रंगात पेटते, ती तशीच राहू द्यावी.

एका फ्रेममध्ये कडेचा लाल २५५ ला टेकला होता. असं झालं की गुणाकार हरतो. २५५ चं सगळीकडे ९६ होतं आणि बटांच्या जागी सपाट डाग पडतो, शेंदूर सांडल्यासारखा. एलईडीच्या उजेडात हे फार होतं, कारण कॅमेऱ्याचा एकूण हिस्टोग्राम शहाणा दिसतो आणि आत एकटा लाल किंवा निळा फुटलेला असतो. दादा रॉमध्ये काढतात म्हणून वाचले. तीच फाइल एक स्टॉप खाली उघडली, लालमधल्या बटा परत मिळाल्या, तेवढा तुकडा खाली ठेवला. जेपीजी असता तर मी ती फ्रेम सोडली असती. व्हाइट बॅलन्स मात्र मी संगीतच्या सगळ्या फ्रेमना एकच आकडा देऊन बांधते. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा दर फ्रेमला गुलाबी थोडा थोडा "सुधारतो", आणि एकाच शीटवर तीन वेगळे गुलाबी येतात.

उलट्या मागणीला ही सगळी युक्ती तोकडी पडते, तेही सांगून ठेवते. त्याच लग्नातल्या एका करवलीला निळ्या उजेडातले आपले काळे केस तांबूस हवे होते. गणित करता येतं, `Multiply` ऐवजी `Divide` घ्यायचा. पण तिच्या फोटोत निळ्या बाजूला लाल चॅनल सहा-आठवर होता, आणि त्यात केस कमी, कॅमेऱ्याची खरखरच जास्त. अडीचपट केलं तर खरखरच अडीचपट झाली. शिवाय खरोखर तांबूस केस असते तरी निळ्या दिव्यात ते काळपटच दिसले असते. मी तिला रानी बाजूचा फोटो करून दिला. ती म्हणाली, निळ्यात का नाही? मी सांगून बघितलं. तिला पटलं असं वाटत नाही.

काकू मात्र स्वतः आल्या, पेढे घेऊन. खुर्चीत बसून आठही शीट नीट बघितली. चष्मा कपाळावर चढवून निळ्या बाजूला बोट ठेवलं. "इकडे काही केलेलं दिसत नाहीये." मी लेयर बंद करून दाखवला, मग चालू. "बघा, इकडे आधीच काळे होते." त्यांनी दोनदा करायला लावलं.

शेवटच्या शीटवर एक फ्रेम होती, तिला मी हात लावला नव्हता. त्या क्षणी ऑपरेटरने सगळा हॉल शुद्ध लालवर टाकला होता. निळा चॅनल रिकामा, हिरवा रिकामा. वजाबाकीला काही नाही, चमक, मेंदी आणि पांढरी मुळं तिन्ही एकाच लालच्या कमी-जास्त छटा. हाताने करता आली असती, पण मी दादांना म्हटलं होतं की ही फ्रेम बदला.

काकू त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. लेकीचा हात धरून गिरकी घेतायत, तोंड उघडं, गजरा सुटत आलेला.

"यात मुळं पांढरी दिसतच नाहीत की गं," त्या म्हणाल्या.

खरंच दिसत नव्हती. लाल उजेडात पांढरा केस आणि मेंदीचा केस जवळजवळ सारखेच.

"ही राहू दे," काकू म्हणाल्या. "हिला काही करू नकोस."

मी ती फ्रेम पूर्ण शीटभर लावली.